टेप न लावता शिवलेला ब्लाउज

"मास्तर, एक ब्लाउज शिवायचा आहे. पण मी येऊ शकणार नाही आणि माप पण देणार नाही. शिवाल?"

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका छोट्या दुकानात एप्रिलच्या सुरुवातीला हा फोन आला. बोलणाऱ्या ताई बंगळुरूच्या. त्याआधी वीस वर्षं त्या बडोद्यातच होत्या आणि त्यांचे सगळे ब्लाउज याच दुकानात शिवले जायचे. चार वर्षांपूर्वी मुलाकडे राहायला गेल्या. आता मुलीचं लग्न ठरलं होतं, नागपूरला, वैशाखात. हातात बरोबर एकवीस दिवस होते.

आमचे मास्तर अशा फोनना एरवी सरळ नाही म्हणतात. "मागच्या वेळेसारखाच शिवा" हे वाक्य त्यांना अजिबात आवडत नाही. त्यांचं म्हणणं, मागच्या वेळेसारखं काहीच नसतं, बाई पण नसते आणि कापड पण नसतं. परगावी गेलेल्या दोन गिऱ्हाइकांचे ब्लाउज त्यांनी पूर्वी नुसत्या जुन्या मापावर शिवून पाठवले होते. एक दंडात अडकला, दुसऱ्याचे खालचे हुक लागले नाहीत. तेव्हापासून फोनवरचं काम बंद.

पण ताईंनी पुढे दोन गोष्टी सांगितल्या. एक, हुक पुढेच ठेवा. दुसरी, पुढचा गळा या वेळी वर घ्या, पुष्कळ वर, आणि डावी बाही जरा सैल ठेवा.

गळा वर घ्या असं पुष्कळ जणी सांगतात. वय वाढलं की सांगतातच. बाही सैल ठेवा हेही रोजचंच. पण एकच बाही सैल? मास्तर चाळीस वर्षं या धंद्यात आहेत. शेजारी हुक लावत बसलेल्या काकूंकडे त्यांनी पाहिलं. फोन स्पीकरवर होता, काकूंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी सुई खाली ठेवली आणि नुसती मान हलवली, घ्या म्हणून.

"शिवतो," मास्तर म्हणाले. "तुमचं माप नकोच मला. पण तुमच्या कुर्त्याचं माप लागेल. ते तर द्याल?"

ही गोष्ट मी ताईंना विचारून लिहिते आहे. त्यांची एकच अट होती, नाव नको आणि रडकं नको. त्यामुळे मास्तरांनी काय केलं तेच सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

मास्तरांकडे जुनी रजिस्टरं जपून ठेवलेली असतात. त्यात ताईंचं पान होतं: लांबी 14, खांदा 14, छाती 36, कंबर 31, बाही 9, दंडाचा घेर 12, पुढचा गळा 7. सगळं इंचांत. कंबर म्हणजे शिंप्याच्या भाषेत ब्लाउज जिथे संपतो तिथला घेर, साडी नेसतो तिथला नव्हे. मास्तरांनी पेन्सिलीने लांबी, खांदा आणि बाहीची लांबी यांखाली रेघ मारली आणि बाकीच्या आकड्यांपुढे प्रश्नचिन्ह काढलं. कारण विचारल्यावर ते म्हणाले, "ही तीन हाडांची मापं. मोठ्या माणसाचं हाड चार वर्षांत बदलत नाही. खांद्याच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर आणि हाताची लांबी तशीच राहते. बाकीची मापं मांसाची. त्यांचा भरवसा चार महिन्यांचा सुद्धा नाही."

म्हणजे अर्धा ब्लाउज रजिस्टरमध्ये होता. अर्धा फोनवर मिळवायचा होता.

मास्तरांनी सांगितलं, सध्या घालता त्यातला एक सुती कुर्ता काढा. ताणणारं कापड नको, बनियनसारखं तर मुळीच नको, कारण ते अंगावर एक माप दाखवतं आणि टेबलावर दुसरंच. कुर्ता थोडा सैल असला तरी चालेल, उलट तसाच हवा. तो टेबलावर पालथा पसरा, हाताने सुरकुत्या काढा आणि एका काखेच्या शिलाईपासून दुसऱ्या काखेच्या शिलाईपर्यंत टेपने मोजा. ताईंनी मोजलं, 20 इंच. म्हणजे पुढून-मागून मिळून कुर्त्याचा घेर 40. मग ब्लाउज संपेल त्या उंचीवर मोजलं. ते आलं साडेएकोणीस, म्हणजे 39.

इथपर्यंत अंगाला टेप लागलीच नव्हती. पण 40 हे कुर्त्याचं माप झालं, ताईंचं नाही. कुर्ता किती सैल आहे ते कळल्याशिवाय उपयोग शून्य. त्यासाठी मास्तरांनी सेफ्टी पिना काढायला सांगितल्या. कुर्ता अंगात घालायचा, दोन्ही बाजूंना काखेखाली जेवढं जास्तीचं कापड येईल तेवढं चिमटीत धरायचं आणि तिथे पिन लावायची. कापड अंगाला टेकलं पाहिजे, ओढलं जाता कामा नये. मग कुर्ता काढायचा आणि पिनेपासून शिलाईपर्यंत किती कापड अडकलं ते टेबलावर मोजायचं. चिमटीत कापड दुहेरी असतं, म्हणून जे अंतर येईल त्याची दुप्पट करून घेरातून वजा करायची.

"आणि ताई," मास्तर अगदी सहज म्हणाले, "लग्नात आत जे काही घालणार आहात ना, ते घालूनच पिना लावा."

पलीकडे शांतता झाली. मग ताई म्हणाल्या, "तुम्हाला कळलं ना मास्तर?"

"मला बाहीचं कळलं," मास्तर म्हणाले. "बाकीचं काकूंशी बोला." आणि फोन काकूंकडे देऊन ते दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले.

चौदा महिन्यांपूर्वी ताईंचं डाव्या बाजूच्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. स्तन पूर्ण काढला होता आणि काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. औषधोपचार संपले होते, तब्येत चांगली होती. घरात त्या गाऊन नाहीतर सैल कुर्ता घालत, साडी नेसल्याच नव्हत्या. बंगळुरूत एका शिंप्याकडे त्या दुकानाच्या दारापर्यंत जाऊन परत आल्या होत्या. आत चार बायका उभ्या होत्या आणि शिंपी सगळ्यांची मापं मोठ्याने बोलून मुलाला लिहून घ्यायला सांगत होता. तिथेच पाय मागे वळला.

काकूंनी मोजके प्रश्न विचारले. आत काय घालता? सुती दोऱ्याने विणलेलं हलकं पॅड, नेहमीच्याच ब्रामध्ये. (अशी पॅड विणून गरजू बायकांना मोफत देणारे स्वयंसेवक आपल्याकडे आहेत. सिलिकॉनचीही मिळतात, ती वजनाला जड आणि किमतीलाही जड.) हात किती वर जातो? खांद्याच्या थोडा वर, मागे मात्र फारसा नाही. व्रण दुखतो का? दुखत नाही, पण काखेपाशी शिवण घासली की हुळहुळतं. हाताला सूज? आहे, थोडी. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. उकाड्यात आणखी.

सुजेचं ऐकल्यावर काकूंनी आधी विचारलं ते डॉक्टरांना दाखवलं आहे का. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातातून लसिकेचा निचरा नीट होत नाही आणि हात सुजू शकतो. हात अचानक जास्त सुजला, लाल झाला, गरम लागला तर ते शिंप्याचं काम नाही, लगेच डॉक्टर. ताईंनी दाखवलेलं होतं, व्यायामही चालू होता, त्या हातावर घट्ट काही घालू नका असं सांगितलेलं होतं. म्हणूनच बाही सैल. दंडाचं माप मात्र संध्याकाळी घ्या, काकू म्हणाल्या. टेप नको वाटत असेल तर सुतळी गुंडाळा, गाठ मारा आणि मग पट्टीवर मोजा.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला तो तक्रारीचा. उजव्या बाजूची पिन लागली होती, डाव्या बाजूची लागत नव्हती. डावीकडे पिन लावायला उजवा हात आडवा न्यावा लागतो, डावा उचलून धरावा लागतो, आणि तेवढ्यात कापड सरकतं. दोनदा प्रयत्न केला, दोनदा वेगळं माप आलं.

"ती पिन तुम्ही लावूच नये," मास्तर म्हणाले. "हात वर केला की बरगड्या उचलल्या जातात, माप खोटं येतं. हात खाली सोडून सरळ उभं राहायचं आणि पिन दुसऱ्याने लावायची. मुलगी आहे ना घरात?"

मुलगी घरातच होती. आठवड्यातले तीन दिवस ती घरून काम करायची. पण चौदा महिन्यांत ताईंनी तिच्यासमोर कपडे बदलले नव्हते. दवाखान्यातली पट्टी बदलायलाही सिस्टर असताना तिला बाहेर बसवलं होतं. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी आपली शिंप्याची अडचण सांगितली होती.

संध्याकाळी फोन आला तो मुलीचा. "काका, पिना लावल्यात. लिहून घ्या."

काखेखाली उजवीकडे 1 इंच, डावीकडे सव्वा. दोन्हींची दुप्पट केली की साडेचार. 40 मधून साडेचार गेले, साडेपस्तीस. रजिस्टरमध्ये 36. म्हणजे पॅड घातल्यावर छाती जवळजवळ जुनीच होती. खाली मात्र वेगळं निघालं. तिथे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंच, म्हणजे 39 मधून 5 वजा, 34. रजिस्टरमध्ये 31 होतं. तीन इंच वाढलेले! उपचारांच्या काळात आणि नंतर पुष्कळ जणींचं वजन वाढतं आणि ते पोटा-कंबरेकडे दिसतं. मास्तरांनी जुन्या पानावरून ब्लाउज शिवला असता तर वरचे हुक लागले असते आणि खालचे दोन मुळीच लागले नसते. लग्नाच्या सकाळी.

दंड उजवा 12, डावा सव्वातेरा.

आता कापडाची गोष्ट. साडीबरोबर आलेला ब्लाउज पीस ताईंनी कुरियरने पाठवला होता. रेशमी, मोरपिशी, 80 सेंटिमीटर, एका कडेला काठ. एवढ्या कापडात एक ब्लाउज बसतो, दुसरा नाही. कात्री चुकली तर त्या रंगाचं आणि त्या काठाचं कापड परत मिळणार नाही. आणि मास्तरांना अजून त्या बाजूचा आकार डोळ्यांसमोर येत नव्हता. घेर कळला होता, पण घेर म्हणजे आकार नव्हे. दोन बायकांची छाती 36 असते आणि एकीचा ब्लाउज दुसरीला बसत नाही, हे आपण सगळ्या जणी जाणतोच.

म्हणून कुरियर वाटेत असतानाच त्यांनी मांजरपाटाचा एक ब्लाउज शिवला. अस्तर नाही, हुक नाहीत, बाजूंना दोन-दोन इंच माया सोडलेली आणि मशीनला मोठा टाका लावून शिवलेला, म्हणजे धागा ओढला की उसवतो. लग्नाला सतरा दिवस उरले असताना तो निघाला आणि चौदा दिवस उरले असताना बंगळुरूला पोहोचला.

मग झाला तो तासभराचा फोन. व्हिडिओ नको, फोटो नको, हे ताईंचं पक्कं होतं आणि मास्तरांनीही आग्रह धरला नाही. ते म्हणाले, मला सुरकुत्या सांगा. सुरकुतीला तोंड असतं, ती जिकडे बोट दाखवते तिकडे कापड कमी पडलेलं असतं. आणि कापड जास्त झालं की सुरकुती पडत नाही, ते नुसतं लोंबतं किंवा आत बसतं. हे ऐकल्यावर मी घरी येऊन माझे चार ब्लाउज आरशासमोर घालून पाहिले. पाठीवर खांद्याखाली आडव्या ताणलेल्या रेघा दिसतात का, काखेतून छातीकडे तिरकी रेघ जाते का, ते पाहा. कुठला शिंपी कुठे चुकला ते दिसायला लागतं.

मुलगी पाहत होती आणि सांगत होती. उजवी बाजू ठीक. डावीकडे काखेतून एक तिरकी सुरकुती छातीकडे येते आहे. मास्तर म्हणाले, मुंढा घट्ट आहे. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल. बाही सैल हवी असेल तर तिला जोडायचा गोलही मोठा हवा. बाही वाढवली आणि मुंढा तोच ठेवला तर सगळा ताण काखेत जमतो, आणि इथे तर काखेतच व्रण होता. त्यांनी मुलीला कात्री घ्यायला लावली. मुंढ्याच्या मायेला खालच्या बाजूला तीन छोटे काप द्यायचे, शिलाईच्या अलीकडे थांबायचं. दिले. सुरकुती अर्धी कमी झाली. आणखी थोडं? आणखी पाव इंच. गेली. मास्तरांनी लिहिलं: डावा मुंढा अर्धा इंच खाली.

"आणखी काय दिसतंय?"

मुलगी थांबली. मग म्हणाली, "गळ्याच्या हाडाखाली, डावीकडे, कापड आत जातंय. खळगा पडल्यासारखं."

हे मास्तरांना ठाऊक नव्हतं, पण काकूंनी ओळखलं. पॅड स्तनाची जागा भरतं, पण त्याच्या वरचा, काखेकडचा भाग रिकामाच राहतो. दुसऱ्या बाजूला तिथे मांस असतं आणि कापड त्यावर टेकतं. या बाजूला ते आत पडतं आणि लोकांची नजर नेमकी तिथे जाते. गळा वर घेऊन ते झाकलं जात नाही. उपाय साधा निघाला. अस्तराच्या आत त्या जागी फ्लॅनेलचा तळहाताएवढा तिकोनी तुकडा दोन पदरी घालायचा, कडा पातळ करत आणायच्या आणि हातशिलाईने टाचायचा. बाहेरून काही दिसत नाही.

शेवटची परीक्षा मास्तरांनी घेतली. "ताई, अक्षता टाकता तसा हात करा."

उजवा हात वर गेला, सगळं ठीक. डावा खांद्यापर्यंत गेला आणि पॅडही त्याच्याबरोबर वर सरकलं. विणलेलं पॅड हलकं असतं, त्याला स्वतःचं वजन नाही, कापड उचललं की तेही उचललं जातं. हात खाली आला तरी ते वरच राहिलं. ताई हसल्या. मुलगी आधी गप्प होती, मग तीही हसली. मास्तर सांगतात, पाच मिनिटं फोनवर कोणी कामाचं बोलतच नव्हतं, नुसत्या दोघी हसत होत्या.

त्यावर काकूंनी आतून मऊ सुती कापडाचा खिसा बसवला, काखेकडून उघडा. पॅड त्यात सरकवायचं. खिसा खालच्या पट्टीला शिवलेला, म्हणून कापड वर गेलं तरी पॅड जागेवर राहतं.

खरा ब्लाउज कापायला मास्तरांनी सकाळची वेळ निवडली, गिऱ्हाईक नसताना. रोज ते कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापतात, वेळही वाचतो आणि डावं-उजवं सारखं येतं. या वेळी दुमडायचं नव्हतं. डावा मुंढा वेगळा, डावी बाही वेगळी. आणि धोका असा की कापड उलटं पसरलेलं असतं, खडूच्या खुणा उलट्या बाजूला, त्यामुळे डाव्या-उजव्याची सहज अदलाबदल होते. त्यांनी डाव्या बाजूच्या प्रत्येक तुकड्यावर लाल दोऱ्याचा एक टाका घालून ठेवला, खडू पुसला जातो म्हणून.

कटोरी करायची नाही हे आधीच ठरलं होतं. कटोरी भरीव आकारावर बसते, हलक्या पॅडवर ती चेपते आणि टोकाला घडी दिसते. प्रिन्सेस कटची शिवण मुंढ्यातून निघते, म्हणजे व्रणाजवळून. म्हणून साधे टक्स, तेही थोडे उथळ, आणि मुंढ्याकडून येणारा टक्स दोन्ही बाजूंना काढून टाकलेला. उजवीकडे त्याची गरज होती, पण एकीकडे टक्स आणि दुसरीकडे नाही असं दिसू द्यायचं नव्हतं. पुढचा गळा 7 वरून साडेपाच. उजव्या बाहीचा घेर साडेतेरा, डाव्या बाहीचा पावणेपंधरा. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण सव्वा इंच हा पूर्ण गोलातला फरक आहे, बाही चपटी धरली तर अर्ध्या इंचाहून थोडा जास्त. काठ दोन्हींना सारखा लागला की कुणाच्या लक्षात येत नाही. अस्तर आदल्या रात्री पाण्यात भिजवून वाळवलेलं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि रेशमाला चुण्या पडतात. काखेतली शिवण आतून पातळ सुती पट्टीने झाकली.

राहिली अंदाजाची गोष्ट. चिमटीचं माप काही टेपचं नव्हे, थोडं इकडे-तिकडे होणारच. नागपूरचा उन्हाळा, रात्रभराचा रेल्वेचा प्रवास, त्यात सूज किती असेल ते कोण सांगणार? त्यासाठी मास्तरांनी बाजूच्या शिवणीला एकाशेजारी एक तीन शिलाया मारल्या, पाव-पाव इंचावर, आणि बाहीलाही तशाच दोन. आतली, म्हणजे अंगाकडची शिलाई उसवली की पुढचं पाव आणि मागचं पाव मिळून एका बाजूला अर्धा इंच सुटतो, दोन्ही बाजूंना मिळून एक इंच. आतल्या शिलाईचा दोरा मुद्दाम पांढरा घातला, बाकीच्या मोरपिशी. म्हणजे घाईत चुकीचा दोरा ओढला जायला नको. पाकिटात चिठ्ठी होती: "पांढरा दोरा आधी. कात्रीने नको, सुईने."

लग्नाला सहा दिवस उरले असताना ब्लाउज बंगळुरूला पोहोचला. तिथे अंगावर नीट बसला, पांढरा दोरा जागेवरच राहिला. नागपूरला उतरल्यावर डाव्या बाहीचा मुलीने काढला, बाजूचा काढावा लागला नाही.

हे सगळं ऐकून मी मास्तरांना म्हटलं, आता फोनवर ऑर्डरी घ्यायला हरकत नाही. ते लगेच म्हणाले, अजिबात नाही. ज्या बाईला मी कधी शिवलेलंच नाही तिच्या खांद्याचं माप मी कुठून आणू? कुर्त्याच्या खांद्यावरून ते नीट येत नाही, कुर्त्याचा खांदा बहुतेक वेळा उतरलेला असतो. ताईंचं रजिस्टर होतं म्हणून जमलं. नवीन गिऱ्हाइकाने अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज पाठवावा, नाहीतर समोर यावं. आणि समोर येणाऱ्या बायकांसाठी त्यांनी आता दुकानाच्या मागच्या भागात पडदा लावला आहे. तिथे टेप काकूंच्या हातात असते आणि आकडे मोठ्याने बोलायचे नाहीत, लिहायचे, असा नियम आहे.

जूनमध्ये ताईंचा पुन्हा फोन आला. रोजच्या वापरासाठी दोन सुती ब्लाउज हवे होते, हुक पुढे, गळा तोच. मास्तरांनी विचारलं, पिना लावून पुन्हा मोजलंत का, दोन महिने झालेत. मागून मुलीचा आवाज आला, "लावते आहे काका, दोन मिनिटं थांबा."